आवळायचं ते ओळखण्यासाठी: खांदे, जबडा, पोट आणि सैल सोडण्याचा इतिहास

जून आला की निपाणीतल्या बिडी वळणाऱ्या घरांवर दोन ओझी एकदम येतात. शाळा उघडते, म्हणजे वह्या, गणवेश आणि कन्नडमधला अर्ज भरून घ्यायला कुणाच्या तरी दारात जाणं. त्यातच पान खराब आलं तर किलोमागे ठरलेल्या बिड्या भरत नाहीत, आणि तो तोटा वळणारीच्याच मजुरीतून जातो. माझी मावशी तीस वर्षं हे काम करते. अशा आठवड्यात तिचे खांदे कानांकडे चढतात, दातांवर दात बसतात, पोट आत ओढलेलं राहतं. रात्री अंथरुणावर पडली तरी ते तसंच असतं.

एका आरोग्य शिबिरात तिला कुणीतरी शिकवलं होतं की मूठ घट्ट आवळायची, पाच मोजायचे, सोडायची; मग खांदे, मग तोंड, मग पोट. आठवडाभर तिनं इमानानं केलं आणि मला म्हणाली, "सोडल्यावर घटकाभर बरं वाटतंय गं, पण बिड्या वळायचं सूप मांडीवर घेतलं की खांदं पुन्हा हाय तिथंच." तिची तक्रार खरी होती. तिला जे शिकवलं ते मूळ पद्धतीचं आखूड केलेलं रूप होतं, आणि आखूड करताना तिच्या कामाचा भागच गळून पडला होता.

मूळ पद्धत एडमंड जेकबसन यांची. 1888 साली शिकागोत जन्मलेला हा माणूस 1908 मध्ये हार्वर्डला संशोधन करत होता. अचानक मोठा आवाज झाला की माणूस दचकतो, त्या दचकण्याचा तो अभ्यास. त्यांना असं दिसलं की अंग खरोखर सैल सोडलेला माणूस त्याच आवाजाला फारसा दचकत नाही. म्हणजे दचकणं फक्त कानावर आणि मनावर अवलंबून नव्हतं, आवाजाआधी स्नायू किती ताणलेले होते यावरही होतं. पुढे ते डॉक्टर झाले आणि हाच धागा त्यांनी आयुष्यभर धरला. 1929 मध्ये त्यांनी आपली पद्धत डॉक्टरांसाठी ग्रंथरूपात मांडली, 1934 मध्ये सामान्य वाचकांसाठी वेगळं पुस्तक लिहिलं. आज आपण जिला प्रोग्रेसिव्ह मसल रिलॅक्सेशन किंवा थोडक्यात पीएमआर म्हणतो, ती पद्धत इथून आली.

त्यांच्यापुढची अडचण मोजण्याची होती. सैल दिसणारा माणूस खरंच सैल आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. स्नायू काम करतो तेव्हा त्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते, पण ती पकडणारं यंत्र तेव्हा नव्हतं. बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेच्या मदतीनं त्यांनी व्होल्टच्या दहा लाखाव्या भागापर्यंत पोचणारी मोजणी उभी केली. मग त्यांनी पडून राहिलेल्या माणसाला सांगितलं की उजवा हात वाकवतोय अशी नुसती कल्पना करा. हात हलला नाही, पण उजव्या हाताच्या स्नायूत वीज उमटली. मनात शब्द जुळवायला सांगितल्यावर जीभ आणि ओठांच्या स्नायूंत ती दिसली.

मला या सगळ्या इतिहासातला हा प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण मावशीच्या जबड्याचं उत्तर त्यात आहे. रात्री ती न बोलता पडलेली असते, पण डोक्यात हिशेब चालू असतो: बिड्यांचे किती कट्टे झाले, खराब म्हणून किती छाट जाईल, मुकादमाला काय सांगायचं. ते न उच्चारलेलं बोलणं तोंडाच्या स्नायूंत चाललेलंच असतं. "डोकं शांत कर" असं तिला सांगून उपयोग नाही. जीभ आणि जबडा मात्र तिच्या हातात आहेत.

जेकबसन शिकवायचे ते फार सावकाश. माणूस पाठीवर आडवा, तास राखून ठेवलेला. पहिल्या दिवशी फक्त डावा हात मनगटातून मागे वाकवायचा. त्या वेळी दोन जाणिवा होतात. एक मनगटात, ओढल्यासारखी आणि ठळक. दुसरी कोपराखाली, हाताच्या वरच्या अंगाला, अगदी मंद. बहुतेकांचं लक्ष मनगटाकडे जातं, पण ती जाणीव सांध्यावर पडलेल्या ओढीची असते. स्नायूचं काम चाललंय ते कोपराखालच्या मंद जाणिवेत. ती ओळखायची, आणि मग हात वाकवणं थांबवायचं. हात खाली नेऊन ठेवायचा नाही, नुसतं वाकवणं बंद करायचं. त्या तासात हे दोनतीनदाच, बाकी वेळ पडून राहायचं. अधूनमधून एखादा दिवस असा की काहीच आवळायचं नाही. पुढे आवळणं कमी कमी करत न्यायचं, इतकं की बाहेरून दिसूही नये. असे कित्येक आठवडे जात.

म्हणजे त्यांच्या पद्धतीत आवळणं हे औषध नव्हतं. ताण कसा लागतो ते ओळखायला घेतलेली ती चव होती. ओळख पटली की आवळायची गरज संपली. सैल होण्यासाठी जोर लावणं म्हणजे पुन्हा कामच, असा त्यांचा ठाम आग्रह होता.

इतका वेळ दवाखान्यात कोण देणार? दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर जोसेफ वोल्पे यांना भीतीवर उपचार करायचे होते. भीती आणि सैल अंग एका वेळी नांदू शकत नाही, या विचारानं त्यांनी ही पद्धत घेतली आणि मोजक्या बैठकींत बसवली. त्यांचं पुस्तक 1958 चं. मग 1973 मध्ये बर्नस्टाइन आणि बोर्कोव्हेक यांनी शरीराचे 16 भाग ठरवून दिले: प्रत्येक भाग पाचसात सेकंद आवळायचा आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास सोडून ठेवायचा. शिबिरांत, मोबाइलवरच्या ध्वनिफितींत जे ऐकू येतं ते बहुतेक हेच. त्यांची उपमा घड्याळाच्या लंबकाची होती: एका बाजूला जास्त ओढला की दुसऱ्या बाजूला जास्त जातो. इथे आवळण्याचा अर्थ पालटला. जेकबसनकडे ते ओळखीसाठी होतं, इथे ते जोर घेण्यासाठी झालं. आखूड पद्धत निकामी आहे असं मी म्हणणार नाही, काळजी आणि झोपेसाठी तिचा उपयोग होतो. पण ती आडवं पडून करायची गोष्ट झाली आणि काम करणाऱ्याचा धडा मागे राहिला.

तो धडा जेकबसन यांच्याकडे होता. त्यांचं म्हणणं असं की कुठल्याही कामाला काही स्नायू लागतात आणि काही लागत नाहीत. लागणारे लागतील तेवढेच वापरायचे, बाकीचे कामाच्या मध्येच सैल सोडायचे. बिडी वळायला बोटं लागतात, मनगट लागतं, मान थोडी झुकलेली लागते. जबडा लागत नाही. कानाला भिडलेले खांदे लागत नाहीत. आत ओढलेलं पोट तर मुळीच लागत नाही.

मावशीबरोबर मी हे असं केलं. पहिला आठवडा फक्त खांदे, दुपारच्या जेवणानंतर, भिंतीला पाठ टेकून. खांदे बोटभरच उचलायचे, मानेच्या बाजूला काय लागतं ते बघायचं, उचलणं थांबवायचं. पहिले तीन दिवस तिचं चुकलं, कारण ती खांदे सोडत नव्हती, खाली दाबत होती. ते कळलं हात उचलून बघितल्यावर. तिचा हात मी मनगटाला धरून वर घेतला आणि सोडला, तर तो हवेत तसाच राहिला. सैल हात ओल्या फडक्यासारखा पडतो. चौथ्या दिवशी तो पडला आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात जबडा. इथे जोरात दात आवळायला सांगणं मला चुकीचं वाटतं. ज्यांचा जबडा कटकट वाजतो किंवा अडकतो त्यांना त्यानं दुखणं वाढू शकतं. तिनं कानशिलावर बोटं ठेवली आणि दातांवर दात अलगद टेकवले. बोटांखाली काहीतरी फुगतं ते तिला लागलं. मग दात सुटे, ओठ मात्र मिटलेले. विश्रांतीत वरच्या आणि खालच्या दातांत थोडी फट असायलाच हवी, ही गोष्ट तिला पन्नाशीत पहिल्यांदा कळली. जीभ टाळूला दाबून धरायची तिची सवयही तेव्हाच सापडली.

पोटाचं थोडं वेगळं आहे. पोटाची भिंत आपल्या मर्जीनं आवळता येते, पण आतलं जठर आणि आतडं वेगळ्या जातीच्या स्नायूंचं असतं. ते आपल्या हुकमानं सैल होत नाही. म्हणून भिंतीपुरतंच बोलायचं. गुडघे दुमडून आडवं पडायचं, बेंबी किंचित आत, श्वास चालू, मग सोडायचं आणि श्वासाबरोबर पोट वर येतं का बघायचं. मावशीचं येईना. कारण साधं होतं, परकराची नाडी. ती ढिली केल्यावर आलं. श्वास कोंडून पोट आवळलं तर रक्तदाब चढतो, म्हणून तो कोंडायचाच नाही. हर्निया असेल, पोटाचं ऑपरेशन नुकतं झालं असेल किंवा दिवस गेलेले असतील तर पोट आवळायचा भाग गाळावा.

काही जणांना सैल सोडताच उलट धडधड वाढते, भीती वाटते. बोर्कोव्हेक यांनीच पुढे यावर लिहिलं आहे. अशा वेळी डोळे उघडे ठेवून, बसून, एकाच हातापासून सुरुवात करावी, आणि तरीही वाढत असेल तर थांबावं.

तिसऱ्या आठवड्यात सूप मांडीवर आलं. आम्ही खूण ठरवली ती पंचवीस बिड्यांची. एक कट्टा बांधला की दोरा तोडताना दात सुटे आहेत का, खांदे कुठे आहेत, एवढंच बघायचं. आवळायचं काही नाही. पहिल्या दिवशी तिनं सांगितलं की प्रत्येक कट्ट्याला दात मिटलेलेच सापडले. दहाबारा दिवसांनी निम्म्या वेळा सुटे सापडू लागले. संध्याकाळी कानशिलं ठणकायची ती कमी झाली, खांदे काही दिवस बरे आणि काही दिवस तसेच. सुपाखाली गोधडीची घडी ठेवून ते वर आणल्यावर खांद्यांना जास्त फरक पडला, हेही खरं.

पोटातली जळजळ मात्र गेली नाही. ती स्नायूंची नव्हतीच. डॉक्टरांकडे गेल्यावर ती उपाशीपोटी चहा आणि दुखण्याच्या गोळ्यांची निघाली. वजन उतरत असेल, शौच काळी होत असेल, घास अडकत असेल किंवा छातीत दाबल्यासारखं होऊन ते जबड्याकडे, खांद्याकडे जात असेल, तर ही पद्धत बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठायचा.

आता जून पुन्हा आलाय आणि पान यंदाही बारीक आहे. परवा फोनवर मुकादमाबद्दल बोलता बोलता मावशी मध्येच थांबली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काय न्हाई, दात सोडलं."