u = 0 म्हणजे माल फुकट?

"वाहतूक खर्च कमीत कमी करायच्या मोडी मेथडमध्ये पहिल्या फॅक्टरीचा u शून्य आला, म्हणजे तिथला माल फुकट ना?"

नाही हो, तो शून्य आपणच ठेवलेला असतो, ड्युअलमधून, म्हणजे जागोजागच्या भावांच्या गणितातून, फक्त भावातला फरक कळतो. अ नि ब फॅक्टऱ्या, क्ष नि य बाजार धरा: अ वरून क्ष ला एका युनिटचं भाडं 4, य ला 6, ब वरून क्ष ला 5, य ला 3, आणि माल अ-क्ष, अ-य, ब-य असा जातोय. अ चा भाव 10 धरा, मग क्ष 14, य 16, आणि ब 13 (16 वजा 3, म्हणजे अ पेक्षा 3 जास्त, टेबलात ब चा u = -3 दिसतो तो हाच फरक, चिन्ह उलटं). ब-क्ष वर भाव वाढतो 1 नि भाडं 5, म्हणून तो रस्ता रिकामा. अ चा 10 ऐवजी 50 धरा, सगळे भाव 40 ने वर, फरक तेच! खरा अर्थ इतकाच की अ मधलं एक युनिट उत्पादन ब ला हलवलं तर 3 रुपये वाचतात, तेही अ-य वर माल शिल्लक आहे तोवरच.