उष्टावणाचं आवतण: ग्रुपवरच्या चार ओळींमागचा इतिहास

माझ्या भाचीचं उष्टावण ठरलं तेव्हा दाजींनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर माझ्याकडे सोपवला. मामा म्हणून मांडीवर घेणार मीच, तर लिहिणारही मीच, असा त्यांचा हिशेब. पहिल्या मसुद्यात मी ‘अन्नप्राशन संस्कार’ लिहिलं होतं. आईनं ते वाचलं आणि म्हणाली, ‘‘हे काय छापील लिहिलंयस? उष्टावण म्हण की.’’

दोन्ही शब्द एकाच दिवसाचे, पण त्यांच्या वाटा वेगळ्या. अन्नप्राशन हा ग्रंथातला शब्द. आश्वलायन गृह्यसूत्रात सहाव्या महिन्यात हा विधी सांगितलाय आणि बाळाला काय भरवायचं तेही दिलंय: तेज हवं असेल तर तूपभात, नाहीतर दही, मध आणि तूप कालवलेलं अन्न. त्याच जागी अन्नाची समृद्धी हवी असेल तर बोकडाचं आणि ब्रह्मतेज हवं असेल तर तित्तिर पक्ष्याचं मांसही आहे. हे कळल्यावर आमच्या घरातल्या रस्साप्रेमी मंडळींनी त्या सूत्रकाराला लगेच कोल्हापूरकर ठरवून टाकलं. शेवटी एक बारीक सूत्र येतं, मुलीचा विधी मंत्राशिवाय करावा.

‘उष्टावण’ मात्र घरातला शब्द. तो उष्टं या शब्दावरून आला आणि उष्टं आलं ‘उच्छिष्ट’वरून. एरवी उष्टं म्हटलं की ताट बाजूला सरतं. इथं बाळानं पहिल्यांदा तोंड उष्टं केलं म्हणून गोडधोड होतं. मामाच्या मांडीवर बाळ, चांदीची वाटी, तांदळाची खीर आणि सोन्याच्या अंगठीनं ओठाला लावलेला पहिला थेंब, एवढ्यावर हा सोहळा पार पडतो. वेदातले मंत्र कोणत्या घरी म्हणायचे आणि कोणत्या घरी पुराणातले, यावरून याच कोल्हापुरात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर वेदोक्ताचा वाद पेटला आणि खुद्द शाहू महाराजांना त्यात उतरावं लागलं. मामाच्या मांडीला मात्र वेदोक्त लागत नाही आणि पुराणोक्तही. आईचा शब्द राहिला.

खरी अडचण तारखेची झाली. आपल्याकडे रीत अशी, की मुलाचं उष्टावण सम महिन्यात, सहाव्या किंवा आठव्या, आणि मुलीचं विषम महिन्यात, पाचव्या किंवा सातव्या. मनुस्मृतीही सहावा महिना सांगते, पण लगेच ‘किंवा कुळात जे मंगल मानतात त्याप्रमाणे’ अशी पळवाट ठेवते. भाचीला पाच महिने पूर्ण होत आले होते आणि दाजींच्या आत्या पाचवा संपायच्या आत उरकून घ्या म्हणत होत्या. बाळाचे डॉक्टर म्हणत होते, सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही तोच आहे.

भांडण रंगणार असं वाटत असताना आईनं बोटांवर मोजून दाखवलं. जुन्या मोजणीत महिना ‘लागतो’. जन्मापासून पहिला महिना सुरू, तो संपला की दुसरा लागला. म्हणजे सातवा महिना लागतो तेव्हा बाळाला सहा महिने पूर्ण झालेले असतात. मुलीचा सातवा आणि डॉक्टरांचे सहा पूर्ण, हे एकाच दिवशी येऊन मिळतात. मुलग्याच्या बाबतीत हे इतकं सहज जुळत नाही. सहावा लागतो तेव्हा त्याला पाचच महिने झालेले असतात, म्हणून त्याला आठव्यापर्यंत थांबवावं लागतं किंवा सहा पूर्ण झाल्यावर सम-विषम सोडून द्यावं लागतं. निमंत्रणात नुसतं ‘सातव्या महिन्यात’ लिहिलं असतं तर निम्मी मंडळी एक अर्थ घेणार आणि उरलेली दुसरा, म्हणून ‘सहा महिने पूर्ण झाल्याबद्दल’ असंच लिहिलं.

आता मजकुराचा साचा. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ ही सुरुवात, ‘योजिले आहे’, ‘सहकुटुंब सहपरिवार’ ही सगळी पत्राची भाषा. मोडीतल्या पत्रांना ठरलेला मायना असायचा, ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असा. त्याचंच आखडलेलं ‘कृ. सा. न. वि. वि.’ पुढे कितीतरी वर्षं कागदावर टिकलं. पण निमंत्रण मुळात कागदाचं नव्हतंच. घरातलं कुणीतरी हळदकुंकू आणि अक्षता घेऊन दारोदार जायचं. पहिलं आवतण गणपतीला, मग अंबाबाईला किंवा जोतिबाला, मग भाऊबंदांना. अक्षता हातावर पडल्या की आवतण पोचलं.

१८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं आणि १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. लांबच्या सोयऱ्याला कागद पाठवणं स्वस्त आणि सोपं झालं. पण कागद दारात येऊन हात जोडत नाही. ही उणीव भरून काढायला एक ओळ हवी होती, आणि ती पत्रिकांच्या तळाशी आजही दिसते: ‘हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे.’ ही माफी आहे. आम्ही स्वतः येऊ शकलो नाही, राग मानू नका, एवढाच तिचा अर्थ. पत्रिकेच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावायचं तेही त्याच हिशेबानं, अक्षतांची खूण म्हणून.

म्हणूनच ग्रुपवर ही ओळ जपून वापरावी लागते. पुण्यातल्या चुलतभावाला ती चालते. इथल्याच, कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या आत्यांना ती लागते, कारण त्या दहा मिनिटांवर राहतात. मी शेवटी लिहिलं ते असं:

‘॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥
आमचे येथे श्रीकृपेकरून चि. बाळीला सहा महिने पूर्ण झाल्याबद्दल तिचे उष्टावण येत्या रविवारी सकाळी ११ वाजता राहत्या घरी योजिले आहे. मामा खीर चाटवतील. त्यानंतर बाळीला कोणी काही भरवू नये, मध तर नकोच, ही विनंती. दुपारी १२.३० पासून जेवण. आहेर आणू नये. बाहेरगावच्या मंडळींनी हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे. गावातल्यांना आवतण द्यायला आम्ही घरी येतोच आहोत.’

मधाची ओळ दाजींना खटकली. सूत्रातच मध आहे म्हणाले. पण मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि त्यांच्या विषानं बाळ लुळं पडू शकतं. म्हणून वर्षापर्यंत मध पूर्ण बंद. शिवाय वीस पाहुण्यांनी एकेक चमचा ‘माझ्या हातचं’ म्हणून भरवलं, तर आयुष्यात पहिल्यांदा अन्न बघणाऱ्या पोटाचं काय होणार? त्या दिवशी दोन-तीन बोटं खीर पुरते. हे सोहळ्यात तोंडावर सांगितलं की माणसं दुखावतात, आधीच लिहिलेलं असलं की चालून जातं.

मजकूर पाठवला आणि संध्याकाळी दाजी आणि मी गाडीवरून अक्षता घेऊन शुक्रवार पेठेत गेलो. आत्यांच्या हातात मोबाइल होता, मेसेज उघडाच. अक्षता घेतल्या, चहा ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘सगळं लिहिलायसा बघा. जेवणात तांबडा-पांढरा हाय का गोडाचं, तेवढं न्हाई लिहिलं.’’