ऑथेंटिकेटरचा कोड ‘अवैध’ का ठरतो: फोनच्या घड्याळाची पार्श्वभूमी

एसएमएसने येणारा ओटीपी आणि ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला सहा आकडी कोड दिसायला सारखेच असतात, पण त्यांची घडण वेगळी आहे. ओटीपी सर्व्हरवर तयार होतो आणि फोनवर नुसता येऊन पोचतो. फोनचं घड्याळ तासभर चुकलेलं असलं तरी तो चालतो. ऑथेंटिकेटरचा कोड मात्र कुठूनही येत नाही. फोनच तो काढतो, आणि काढताना स्वतःच्या घड्याळात बघतो. म्हणूनच धडगावकडच्या रेंज नसलेल्या पाड्यावरही तो दर 30 सेकंदांनी बदलत राहतो. आणि घड्याळ चुकलं की तोच कोड ‘अवैध’ म्हणून नाकारला जातो.

घड्याळाशी कोड बांधण्याची कल्पना स्मार्टफोनच्या बरीच आधीची. 1980च्या दशकात अमेरिकेत सिक्युरआयडी नावाची छोटी उपकरणं आली. त्यांच्या पडद्यावरचे आकडे ठरावीक वेळाने बदलत, आणि आत क्वार्ट्झचं घड्याळ असे. ते घड्याळ हळूहळू सरकणार हे बनवणाऱ्यांना तेव्हाच ठाऊक होतं. त्यामुळे कोणतं उपकरण किती मागे-पुढे आहे याची नोंद सर्व्हर ठेवी आणि तेवढं सांभाळून घेई.

डिसेंबर 2005 मध्ये आरएफसी 4226 हे खुलं मानक आलं, तेव्हा घड्याळाला फाटा देण्यात आला होता. त्यात उपकरण आणि सर्व्हर दोघांकडेही सारखीच असलेली एक गुप्त किल्ली आणि एक मोजणी असे. बटण दाबलं की मोजणी एकने वाढे आणि नवा कोड निघे. अडचण वापरात यायची. कोणी उगाच चार-सहा वेळा बटण दाबलं की उपकरणाची मोजणी पुढे जाई, सर्व्हरची जागेवर राही, आणि दोघांचा मेळ तुटे. शिवाय न वापरलेला कोड कितीही वेळ जिवंत राही. मे 2011च्या आरएफसी 6238ने यावर उपाय केला: मोजणीच्या जागी वेळ घातली. बाकी सूत्र तेच राहिलं. बटण गेलं, जुना कोड आपोआप मरू लागला, पण मेळ राखण्याची सगळी जबाबदारी घड्याळावर आली. माझ्या मते हा सौदा योग्यच होता. फक्त तो झाला आहे हे फोन वापरणाऱ्याला कोणी सांगत नाही.

हिशेब अगदी साधा आहे. यूटीसी म्हणजे जगभर एकच धरलेली प्रमाण वेळ. तिच्या 1 जानेवारी 1970च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले ते मोजायचं, त्याला 30ने भागायचं आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. उरलेला पूर्णांक म्हणजे त्या क्षणाचं ‘घर’. तो आणि गुप्त किल्ली मिळून कोड तयार होतो.

```
घर = floor(यूटीसी सेकंद / 30)
```

मानकातच दिलेलं उदाहरण घ्या. 18 मार्च 2005 रोजी आपल्याकडे सकाळचे 7 वाजून 28 मिनिटं 29 सेकंद झाले, तेव्हा 1111111109 सेकंद पूर्ण झाले होते. घर आलं 37037036, आणि मानकातल्या नमुना किल्लीने आठ आकडी कोड निघतो 07081804. दोनच सेकंदांनी घर झालं 37037037 आणि कोड 14050471. दोन्ही कोडांत काही नातं दिसत नाही. घर एकाने चुकलं तरी कोड थोडा चुकत नाही, पूर्ण बदलतो.

यासाठी मानकाने सर्व्हरला थोडी सूट ठेवायला सांगितली आहे. कोड टाइप करण्यात आणि पोचण्यात जाणाऱ्या वेळेपोटी जास्तीत जास्त एक घर मान्य करावं, असं ते म्हणतं. घड्याळाच्या सरकण्यासाठी दिलेल्या उदाहरणात सर्व्हर दोन घरं मागचा कोडही स्वीकारतो. तेव्हा फार तर 89 सेकंदांचा फरक खपतो. सूट याहून वाढवली तर चोरलेला कोडही तितका जास्त वेळ चालेल, म्हणून ती तोकडीच ठेवतात.

आता घड्याळ सरकतं कसं? क्वार्ट्झच्या साध्या स्फटिकात दिवसाला दीड-दोन सेकंदांची चूक धरलेलीच असते. हा स्फटिक 25 अंशांच्या आसपास नीट चालतो. त्याहून गरम झाला तरी मंदावतो आणि गार झाला तरी मंदावतो. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यातल्या 45 अंशांत त्याची दिवसाला आणखी सव्वा सेकंदाची पिछेहाट होते, म्हणजे महिन्याला अर्धं मिनिट. पण चालू फोन नेटवर्कवरून वेळ दुरुस्त करत असतो, त्यामुळे हे नुकसान दिसतं ते महिनोन्‌महिने कपाटात पडलेल्या किंवा नेटवर्कबाहेर राहिलेल्या फोनमध्येच.

प्रत्यक्षात फरक पडतो तो बहुतेक माणसाच्या हाताने. एसटी चुकू नये म्हणून पाच मिनिटं पुढे ठेवलेलं घड्याळ म्हणजे दहा घरांची चूक. पण सगळ्यात फसवा प्रकार वेगळाच आहे. समजा, दुबईहून आलेल्या भावाचा फोन धुळ्यातल्या बहिणीने घेतला. वेळ दीड तास मागे दिसत होती. आपोआप वेळ बंद होती, म्हणून तिने काटे हाताने पुढे केले आणि दुबईचं टाइमझोन तसंच राहिलं. आता पडद्यावर सकाळचे बरोबर 10 वाजलेत, भिंतीवरच्या घड्याळाशी सेकंदही जुळतो. खरा यूटीसी मात्र 4:30 आहे. हा फोन दुबईच्या हिशेबाने दहातून चार तास वजा करून 6:00 धरतो. घड्याळ दीड तास, म्हणजे 180 घरं पुढे. कोडची उरलेली वेळ दाखवणारं अ‍ॅपमधलं वर्तुळही बरोबर शून्याव्या आणि तिसाव्या सेकंदाला नव्याने सुरू होतं, कारण चूक 30च्या पटीत आहे. संशय यायला जागाच उरत नाही.

म्हणून पडद्यावरच्या वेळेवर निदान करू नये. एकाच खात्याचा कोड नाकारला जात असेल तर बहुधा त्या खात्याची किल्ली बदलली आहे. सगळ्याच खात्यांचे कोड एकदम नाकारले जाऊ लागले तर घड्याळ धरा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये `Date & time` उघडून वेळ आणि टाइमझोन दोन्ही आपोआप घेण्याचे पर्याय चालू करा. आधीच चालू असतील तर इंटरनेट सुरू ठेवून ते पर्याय एकदा बंद करून पुन्हा चालू करा. आयफोनवर `General`, मग `Date & Time`, मग `Set Automatically`. त्यानंतर टाइमझोन भारताचं, यूटीसीच्या साडेपाच तास पुढचं, दिसतं का ते पाहा. आधीचे कोड सोडून द्या आणि वर्तुळ नव्याने सुरू झाल्यावर आलेला कोड टाका. बऱ्याच ठिकाणी लागोपाठ चुका झाल्या की खातं काही वेळ अडतं, तेव्हा दुरुस्तीआधी पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका.

अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला या वेळी सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. गुप्त किल्ली अ‍ॅपमध्येच असते. तिची प्रत दुसरीकडे नसेल तर ती अ‍ॅपबरोबर जाते, आणि मग घड्याळ बरोबर असूनही आत शिरता येत नाही.

कधी चूक समोरच्या बाजूलाही असते. एखाद्या संस्थेने स्वतः चालवलेल्या सर्व्हरवर सगळ्यांचेच कोड नाकारले जात असतील आणि बाकी ठिकाणी तेच फोन नीट चालत असतील, तर सर्व्हर सांभाळणाऱ्याने लिनक्सवर हे पाहावं:

```
timedatectl
```

`System clock synchronized: no` असं आलं, तर वेळ जुळवायची ती सर्व्हरची. फोनना हात लावू नये.