गोळ्या बंद केल्या की कानातली शिट्टी थांबते का?

इंदूरला रामबागेत आमचे मामा राहतात, वय 68, गुडघे धरलेले. डॉक्टरांना न विचारता ते पाण्यात विरघळणाऱ्या ॲस्पिरिनच्या 350 मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून सहा वेळा घेत होते, म्हणजे रोजचे चार ग्रॅमच्या वर. चौथ्या दिवशी म्हणाले, कुकर गॅसवर आहे का गं, सारखी शिट्टी ऐकू येतेय. कुकर ओट्यावर पालथा होता! टीव्हीचा आवाजही बारावरून पंचवीसवर गेलेला आणि मामी हाका मारून थकलेली.

खरं म्हणजे ही शिट्टी म्हणजे रक्तात औषध जास्त झाल्याची खूण आहे. आतल्या कानात बाहेरच्या रांगेतल्या ज्या केसपेशी असतात त्या आवाजाबरोबर स्वतः आकसतात-ताणतात आणि बारीक आवाज मोठा करून देतात, हे काम त्यांच्या भिंतीतलं प्रेस्टिन नावाचं प्रोटीन करतं आणि त्याला क्लोराइड लागतं. ॲस्पिरिनपासून शरीरात सॅलिसिलेट बनतं, ते नेमकी क्लोराइडची जागा अडवून बसतं. पेशी जिवंतच असते, फक्त तिची हालचाल मंदावते, म्हणून दोन्ही कानांनी सारखंच कमी ऐकू येतं. सॅलिसिलेट निघून गेलं की प्रेस्टिन परत कामाला लागतं. मामांच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, तिसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी गेली आणि टीव्ही परत बारावर आला. साधारण एक ते तीन दिवसांत असंच होतं.

मग तीन दिवस का लागतात? थोडी ॲस्पिरिन घेतली तर सॅलिसिलेट दोन-तीन तासांत निम्मं होतं, पण डोस वाढला की लिव्हरची ते मोडण्याची ताकद संपते आणि निम्मं व्हायलाच पंधरा ते तीस तास लागू शकतात. म्हणूनच एकदोन गोळ्या वाढवल्या तरी रक्तातलं प्रमाण एकदम उसळतं. कान वाजण्याबरोबर श्वास जोरात चालला, उलट्या झाल्या किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर ती विषबाधा आहे, तेव्हा वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. आणि ज्यांना आधीच कमी ऐकू येतं त्यांना शिट्टी जाणवेलच असं नाही, तेव्हा म्हाताऱ्या माणसांत तिच्यावर भरवसा ठेवू नका.

मलेरियाच्या क्विनाइननेही असंच होतं, कान वाजतात, डोकं दुखतं, मळमळतं, कधी नजर धूसर होते. बहुतेकांचं औषध संपल्यावर काही दिवसांत ठीक होतं, पण इथे मी ॲस्पिरिनइतकी खात्री देणार नाही, कारण क्वचित ऐकू येणं कायमचं कमी झाल्याच्याही नोंदी आहेत. कोर्स मात्र मनाने अर्धवट सोडू नका, मलेरिया जिवावर बेततो, डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा.

हृदयासाठी रोज घेतात ती 75 मिलिग्रॅमची ॲस्पिरिन एवढ्या थोड्या प्रमाणात सहसा असं करत नाही, ती स्वतःहून थांबवू नका. आणि एकाच कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर दोष गोळीवर न टाकता त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा, ते दुखणं वेगळं असतं आणि उपचाराला उशीर चालत नाही.