पहिल्या पर्यायाचं फुकटचं मताधिक्य

नाशिकमध्ये सीबीएसच्या थांब्यावर हातात पॅड धरून उभा असलेला सर्वेक्षक विचारतो, "तुम्ही सिटीलिंकची बस रोज का वापरत नाही? मुख्य कारण एकच सांगा." कागदावर आठ कारणं छापलेली आहेत:

१. थांबा घरापासून लांब आहे
२. बस वेळेवर येत नाही
३. बसमध्ये गर्दी असते
४. थेट बस नाही, बदलावी लागते
५. तिकीट महाग वाटतं
६. रात्री उशिरा बस मिळत नाही
७. स्वतःची गाडी सोयीची वाटते
८. शेअर रिक्षा लगेच मिळते

त्याखाली 'इतर' आणि 'सांगता येत नाही'. प्रश्न साधा, पर्याय ठीक. तरीही ही यादी सगळ्यांपुढे याच क्रमाने ठेवली, तर पहिल्या कारणाला त्याच्या वाट्याहून जास्त मतं पडण्याची दाट शक्यता आहे.

कारण साधं आहे. घाईत असलेला माणूस आठही कारणं वाचून, तोलून, मग सर्वांत योग्य ते निवडत नाही. तो वरून वाचायला लागतो आणि 'हे चालेल' असं वाटणारं पहिलं कारण सापडलं की थांबतो. खोटं तो बोलत नाही. थांबा खरंच थोडा लांब असतो. फक्त पाचव्या किंवा सहाव्या क्रमांकावरचं, त्याला जास्त लागू पडणारं कारण त्याने पाहिलेलंच नसतं. जॉन क्रॉस्निक आणि डुएन अल्विन यांनी १९८७ साली या वागण्याची नीट मांडणी केली. अमेरिकेतल्या १९८४च्या एका मोठ्या सर्वेक्षणात, मुलांमध्ये कोणते गुण असावेत याची तेरा गुणांची यादी लोकांना कार्डावर दाखवली होती. काहींना तीच यादी उलट क्रमाने. जे गुण यादीत वर आले, ते जास्त वेळा निवडले गेले.

कानांनी ऐकलेल्या यादीचं मात्र उलट होतं. फोनवर कुणी आठ कारणं वाचून दाखवली, तर पहिली दोन-तीन विरून जातात आणि शेवटचं कानात घुमत राहतं, म्हणून झुकाव शेवटच्या पर्यायांकडे जातो. अर्धी उत्तरं मोबाइलवरच्या फॉर्मवर आणि अर्धी फोनवर घेतली, तर एकाच क्रमाच्या यादीत दोन्ही टोकांना दोन वेगवेगळे झुकाव तयार होतात. दोन्ही गठ्ठे एकत्र केले की मग ते वेगळे ओळखताच येत नाहीत.

आता हिशोब करू. आकडे काल्पनिक आहेत आणि मुद्दाम ठळक घेतले आहेत. समजा, छापील यादी हातात दिलेली ८०० माणसं उत्तर देतात. त्यातली ६०० नीट विचार करतात आणि २०० जण सरळ पहिल्या ओळीवर खूण करून मोकळे होतात. विचार करणाऱ्यांपैकी ३० टक्के, म्हणजे १८० जण 'बस वेळेवर येत नाही' म्हणतात. 'थांबा लांब आहे' हे फक्त ५ टक्क्यांचं, ३० जणांचं कारण आहे. क्रम ठरलेला असेल, तर 'थांबा लांब'ला ३० अधिक २००, म्हणजे २३० मतं पडतात आणि ते पहिलं येतं. 'वेळेवर येत नाही' १८० वर राहतं. अहवाल सांगेल, थांबे वाढवा. थांबे वाढतील आणि बस पूर्वीसारखीच उशिरा येत राहील.

पर्याय प्रत्येकासाठी वेगळे पिसून दिले तर? ते २०० जण तसेच वागतील, पण प्रत्येकाची 'पहिली ओळ' वेगळी असेल. सरासरीने प्रत्येक कारणाच्या वाट्याला २५ मतं येतील. 'वेळेवर येत नाही' २०५, 'थांबा लांब' ५५. क्रम सुधारला.

पण एक गोष्ट नीट बघा. २०५ म्हणजे ८०० पैकी साधारण २५.६ टक्के, खरा आकडा ३० टक्के होता. आणि ५ टक्क्यांचं कारण जवळजवळ ७ टक्क्यांवर गेलं. पिसल्याने आळस नाहीसा होत नाही, तो सगळ्या पर्यायांवर सारखा पसरतो. कोण पुढे, कोण मागे हे त्यामुळे बहुधा बरोबर कळतं, पण पुढच्याची आघाडी जराशी खाल्ली जाते आणि मागच्याला उगाच फुगवटा येतो. शिवाय एका विशिष्ट माणसाचं उत्तर पूर्वीइतकंच कच्चं राहतं. 'सातपूरचे लोक गर्दीची तक्रार जास्त करतात का?' असले संबंध शोधताना हा गोंधळ आड येतो. पिसणं हे औषध नव्हे, वेदना वाटून घेण्याची सोय आहे, असं म्हटलं तरी चालेल.

म्हणूनच कोणाला कोणता क्रम दाखवला याची नोंद ठेवणं पिसण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि हेच बहुतेक ठिकाणी राहून जातं. नोंद असेल तर कारणांऐवजी जागा मोजता येतात: पहिल्या जागेवरचा पर्याय किती जणांनी निवडला, दुसऱ्या जागेवरचा किती, असं आठव्यापर्यंत. जागेचा काही परिणाम नसेल, तर ८०० पैकी प्रत्येक जागेला १०० च्या आसपास मतं पडायला हवीत. निव्वळ योगायोगाने ती साधारण ८१ ते ११९ मध्ये हलतील. आपल्या उदाहरणात पहिल्या जागेला २७५ आणि बाकी प्रत्येकीला ७५ पडतील, आणि तेवढ्यावरून आळशी खुणा सुमारे २०० आहेत हे उघड होईल. मग प्रत्येक कारणातून २५ वजा करून ६०० वर टक्के काढले, की १८० म्हणजे बरोबर ३० टक्के परत मिळतात. प्रत्यक्षात लोक इतके आंधळेपणाने पहिली ओळ धरत नाहीत, 'चालेल' असं पहिलं कारण धरतात. त्यामुळे ही वजाबाकी फक्त अंदाज देते. पण झुकाव आहे की नाही हे तिच्यावरून नक्की कळतं.

गूगल फॉर्ममध्ये प्रश्नाच्या खालच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत `Shuffle option order` आहे. ते चालू केलं की पर्याय पिसले जातात, पण कोणाला कोणता क्रम दिसला हे उत्तरांच्या तक्त्यात येत नाही. नोंद हवी असेल तर वेगवेगळ्या, ठरलेल्या क्रमांचे वेगळे फॉर्म करून त्यांचे दुवे चिठ्ठ्या टाकून वाटणं हाच साधा मार्ग. दुसरी खोच अशी की हाताने टाइप केलेला 'यापैकी काहीच नाही' हा पर्यायही बाकीच्यांबरोबर पिसला जातो आणि कुणाला तो सर्वांत वर दिसतो. त्याच्यासाठी आधी एक वेगळा हो-नाही प्रश्न विचारणं बरं.

कागदावर आठ प्रती कराव्या लागतात. सोपा मार्ग चक्राचा: पहिल्या प्रतीत १ ते ८, दुसरीत २ पासून ८ आणि शेवटी १, असं पुढे. प्रत्येक कारण प्रत्येक जागी एकदा येतं. पण शेजारी बदलत नाहीत. आठपैकी सात प्रतींत 'गर्दी'च्या लगेच आधी 'वेळेवर येत नाही' हेच उभं असतं, आणि उशिराचं वाचून रागावलेला माणूस गर्दीवर कशी खूण करेल ते सांगता येत नाही. यावर १९४९ साली ई. जे. विल्यम्स यांनी मांडलेली रचना वापरावी. पहिल्या प्रतीचा क्रम १, २, ८, ३, ७, ४, ६, ५. पुढच्या प्रतीत प्रत्येक आकड्यात एक मिळवायचा आणि ८ च्या पुढे पुन्हा १: म्हणजे २, ३, १, ४, ८, ५, ७, ६. अशा आठ प्रतींत प्रत्येक कारण प्रत्येक जागी एकदा येतं आणि प्रत्येक कारणाच्या मागोमाग दुसरं प्रत्येक कारण नेमकं एकदाच येतं. पर्यायांची संख्या सम असेल तरच हे आठात आठ असं बसतं; विषम असेल तर दुप्पट प्रती लागतात.

प्रती वाटताना सर्वांत वाईट चूक म्हणजे पहिली प्रत पंचवटीत, दुसरी नाशिक रोडला, तिसरी सातपूरला. मग फरक क्रमाचा की भागाचा हे सांगता येणार नाही. गठ्ठा आधीच १, २, ३ … ८, पुन्हा १ असा लावून द्यावा आणि सर्वेक्षकाने वरचा कागद उचलायचा, निवड करायची नाही. यादी वाचून दाखवायची असेल तर सुरुवात कुठून करायची तिथे आधीच बाण छापावा, नाहीतर सवयीने सगळे पहिल्यापासूनच वाचतात. आणि मधेच कुणी "हो, हेच" म्हणालं तरी उरलेली यादी वाचून संपवायची.

एकाच माणसाला आधी 'मुख्य कारण' आणि मग 'दुसरं कारण' विचारलं, तर दोन्ही वेळा त्याला तोच क्रम दिसायला हवा. मधेच पिसलं तर तो ओळखीची ओळ शोधत बसतो आणि चुकीच्या ठिकाणी खूण करतो.

आता कुठे पिसू नये. 'पूर्ण समाधानी, बऱ्यापैकी समाधानी, ना समाधानी ना असमाधानी, थोडा असमाधानी, अजिबात नाही' ही शिडी आहे. तिच्या पायऱ्या विस्कटल्या तर माणूस आधी पायऱ्या जुळवेल, मग चढेल, आणि चुका वाढतील. 'थांब्यापर्यंत किती मिनिटं: ५ पर्यंत, ५ ते १०, १० ते २०' याचंही तसंच. टोकाचा झुकाव इथेही असतो, म्हणून अर्ध्यांना शिडी वरून खाली आणि अर्ध्यांना खालून वर द्यावी. मात्र एका माणसाच्या सगळ्या प्रश्नांत दिशा एकच.

'तुम्ही कोणत्या भागात राहता?' इथे माणूस पर्याय तोलत नाही, आपलं उत्तर शोधत असतो. अंबड, इंदिरानगर, गंगापूर रोड, देवळाली असं वर्णानुक्रमाने असेल तर त्याला ते चटकन सापडतं. पिसलं तर त्याला पूर्ण यादी चाळावी लागते, आणि थकून तो 'इतर' वर खूण करतो. बसमार्ग क्रमांकाने, महिने कॅलेंडरप्रमाणे ठेवावेत. यादी गटांची असेल, जसं बसबद्दलची कारणं आणि इतर वाहनांबद्दलची कारणं, तर आधी गटांचा क्रम बदलायचा, मग गटाच्या आत. दोन गट एकमेकांत मिसळायचे नाहीत. 'इतर' आणि 'सांगता येत नाही' मात्र नेहमी तळाशीच हवेत.

आपल्याकडे विधानसभेच्या मतपत्रिकेतही असंच असतं. मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, मग अपक्ष. प्रत्येक गटात वर्णानुक्रम आणि नोटा सर्वांत शेवटी. अमेरिकेच्या ओहायो राज्यात नावं एका मतदान क्षेत्रातून दुसऱ्यात फिरवतात. तिथल्या १९९२च्या ११८ लढतींचा अभ्यास जोआन मिलर आणि क्रॉस्निक यांनी केला, तेव्हा जवळजवळ निम्म्या लढतींत वरच्या नावाला फायदा दिसला, सरासरी अडीच टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे मतदार बहुधा चिन्ह शोधत असतो, त्यामुळे तो आकडा इथे तसाच लावता येणार नाही.

एक शेवटचा अडथळा. गेल्या वर्षी हाच प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारला असेल आणि यंदा पिसला, तर 'थांबा लांब'ची मतं घसरतील आणि कुणीतरी ते नव्या थांब्यांचं यश म्हणून सांगेल. अशा वर्षी अर्ध्या लोकांना जुना क्रम आणि अर्ध्यांना पिसलेला, असं चिठ्ठ्या टाकून द्यावं. गेल्या वर्षीशी तुलना फक्त जुन्या क्रमाच्या अर्ध्याची, आणि पुढच्या वर्षीची फक्त पिसलेल्याची.