जात्याची घरघर आणि पदराची खरखर

गेल्या मे महिन्यात अमळनेरजवळच्या एका खेड्यात आमच्या नात्यातल्या एका आजींच्या जात्यावरच्या अहिराणी ओव्या आम्ही ध्वनिमुद्रित करत होतो. कपड्यावर लावायचा छोटा बिनतारी माइक, म्हणजे कॉलर माइक, आजींच्या पदराआड छातीवर लावला होता आणि त्याचा ट्रान्समीटर कमरेला मागे खोचला होता. पहिली ओवी हेडफोनवर ऐकताना जात्याच्या प्रत्येक फेऱ्यागणिक एकदा ‘खर्र’ असा आवाज आला. तो फेऱ्याच्या तालातच येत असल्याने दोष जात्याच्या पाळीचा असावा, असे आम्ही धरून चाललो. जाते थांबवून आजींना नुसता हात फिरवायला सांगितले, तरीही तो आवाज येतच राहिला. तेव्हा कुठे कळले की घासत होता तो पदर.

समोर बसलेल्या माणसाला ही खरखर ऐकू येत नाही आणि माइकला मात्र ती ओवीइतकी मोठी ऐकू येते, याचे कारण अंतरात आहे. आजींचे तोंड माइकपासून जवळपास वीतभर लांब होते, तर पदराचे सूत माइकच्या आवरणाला थेट टेकलेले होते. सूत घासले की त्याचे कंपन हवेतून येत नाही. ते आवरणातून सरळ आतल्या पडद्यापर्यंत पोहोचते. यावरचा उपाय माइक घट्ट दाबून बसवणे एवढाच नाही, कारण माइक चोळीला पक्का चिकटला तरी वरचा पदर त्याच्यावरून सरकतच राहतो. चोळी, माइक आणि पदर हे तिन्ही एकत्रच हलले पाहिजेत.

त्यासाठी दवाखान्यात मिळणाऱ्या कागदी चिकटपट्टीचे दोन तुकडे घेतले. चिकट बाजू बाहेर राहील अशा रीतीने प्रत्येकाची समोशासारखी त्रिकोणी घडी घातली आणि त्या दोन घड्यांच्या मध्ये माइक असा ठेवला की त्याचे तोंड तेवढे मोकळे राहील. एक घडी चोळीला चिकटली, दुसरी पदराच्या आतल्या बाजूला. माइकच्या खाली वायरीचा एक छोटा वेढा करून तोही पट्टीने चोळीवरच धरला, म्हणजे कमरेकडून बसलेला हिसका वेढ्यातच जिरतो. गळ्यातली पोत माइकवर येऊ नये म्हणून माइक दोन बोटे बाजूला घेतला. मे महिन्यातल्या खान्देशी उन्हात घामाने त्वचेवरची पट्टी अर्ध्या तासात सुटते, म्हणून ती अंगाला न लावता कापडालाच लावलेली बरी.

या युक्तीने माइकला होणारा स्पर्श थांबतो. कापडावर कापड घासून हवेत उठणारी सळसळ मात्र थांबत नाही. दोन्हींमधला फरक ओळखण्यासाठी माइकवरचा पदर बोटाने धरून बोलणाऱ्याला हलायला सांगावे. आवाज गेला तर दोष बसवण्याचा; राहिला तर दोष कापडाचा. पॉलिएस्टर आणि खळ दिलेले सूत फार वाजते, तर धुऊन धुऊन मऊ झालेले जुने सुती लुगडे जवळपास मुके असते, आणि आजींनी सुदैवाने तेच नेसले होते.

दुसरी अडचण पट्टीने सुटणारी नव्हती. सुपातले धान्य घ्यायला आजी वळल्या की क्षणभर आवाजच नाहीसा होत असे. खरखर नाही, फुसफुस नाही, थेट पोकळी. आमचा संच २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा डिजिटल संच होता. वायफाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात असतात. शिवाय शरीरातले पाणी या लहरी बऱ्याच प्रमाणात शोषून घेते. त्यामुळे आधी घरातला राउटर बंद केला, जवळचे फोन विमान मोडवर टाकले. तरीही पोकळी येत राहिली, म्हणजे लहरींची गर्दी हे मुख्य कारण नव्हते. कमरेमागचा ट्रान्समीटर आणि समोर कॅमेऱ्याला जोडलेला रिसीव्हर यांच्यामध्ये आजींचे शरीरच येत होते. ट्रान्समीटर आजी वळत त्याच्या विरुद्ध बाजूच्या कमरेवर, थोडा पुढे घेतला आणि रिसीव्हर उंच स्टँडवर त्याच्या नजरेसमोर ठेवला, तेव्हा आवाज तुटणे थांबले.

गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, लावताना आजींच्या बोलण्याचा अंदाज घेणे चुकीचे ठरले असते, कारण ओवीचा वरचा सूर बोलण्यापेक्षा कितीतरी मोठा लागतो. म्हणून त्यांना सर्वांत चढी ओळ म्हणायला लावून ट्रान्समीटरचा गेन असा ठेवला की शिखर कमाल पातळीच्या सुमारे १२ डेसिबल खाली राहील. कॅमेऱ्याचा आपोआप गेन बंद केला; तो चालू राहिला असता, तर दोन ओव्यांमधल्या शांततेत जात्याची घरघर आपणहून वर चढली असती. इथे एक फसवणूक लक्षात ठेवावी लागते. ट्रान्समीटरवरच लाटेचे माथे कापले गेले असतील, तर कॅमेऱ्याचा गेन उतरवून काट्यावर ठीक दिसते, पण आवाज फाटलेलाच राहतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. त्यामुळे आधी माइकच्या टोकाकडचा गेन, मग कॅमेऱ्याचा, हाच क्रम ठेवला.

शेवटच्या मुद्रणात खरखर नव्हती. पदराआडून आल्यामुळे ‘स’ आणि ‘श’ मात्र थोडे बोथट झाले होते. संकलनात वरचे सूर किंचित उचलल्यावर ओवीतले शब्द पुन्हा स्वच्छ ऐकू आले.