बायनॉक्युलर्स पद्धत

दिलेला मजकूर माणसाने लिहिला की भाषा मॉडेलने, हे ओळखण्याची एक पद्धत. मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांच्या गटाने ती जानेवारी 2024 मध्ये मांडली. यात एकच उतारा दोन मॉडेलांना वाचायला देतात आणि त्यांना तो किती अनपेक्षित वाटतो, याचे गुणोत्तर काढतात. दोन भिंगांतून एकच दृश्य पाहायचे, म्हणून हे नाव. ओळखायच्या मजकुराचे नमुने देऊन वेगळे प्रशिक्षण करावे लागत नाही.

भाषा मॉडेल प्रत्येक टप्प्यावर पुढच्या टोकनचा, म्हणजे शब्दाचा किंवा शब्दाच्या तुकड्याचा, अंदाज बांधते. प्रत्यक्ष आलेल्या टोकनला त्याने कमी शक्यता दिली असेल, तर त्याचे आश्चर्य मोठे. संपूर्ण उताऱ्यावरच्या आश्चर्याची लॉगरिदममध्ये काढलेली सरासरी म्हणजे लॉग-पर्प्लेक्सिटी. मॉडेल स्वतः लिहिते तेव्हा शक्यतेतलेच शब्द निवडते, म्हणून यंत्रलिखित मजकुरात ही सरासरी सहसा कमी भरते. आधीच्या अनेक पद्धती एवढ्यावरच निकाल देत.

त्यात एक मोठी खोट आहे. कॅपिबारा हा दक्षिण अमेरिकेतला उंदीरवर्गीय प्राणी. समजा, कुणी मॉडेलला ‘खगोलशास्त्रज्ञ असलेल्या कॅपिबाराबद्दल चार वाक्ये लिही’ असे सांगितले. आलेली वाक्ये यंत्राचीच, पण तपासणाऱ्याच्या हाती फक्त उत्तर असते, सूचना नसते. कॅपिबारा आणि आकाशगंगा एकाच वाक्यात पाहून तपासणारे मॉडेल चकित होते आणि उतारा माणसाचा ठरवते. मूळ निबंधात हाच दाखला असून त्याला ‘कॅपिबारा प्रश्न’ म्हटले आहे.

गुणोत्तराचा उपयोग इथे होतो. अंशस्थानी पहिल्या मॉडेलला प्रत्यक्ष शब्दांचे वाटलेले आश्चर्य असते. छेदस्थानी प्रत्यक्ष शब्द घेत नाहीत. त्याच जागी दुसऱ्या मॉडेलने ज्या ज्या शब्दांची अपेक्षा केली असती, ते पहिल्याला सरासरीने किती अनपेक्षित वाटले असते, हे मोजतात. याला क्रॉस-पर्प्लेक्सिटी म्हणतात. विषयच विचित्र असेल, तर पुढे काय येईल याबद्दल दोन्ही मॉडेले साशंक असतात. मग छेदही वाढतो आणि विषयामुळे आलेले आश्चर्य बरेचसे वजा होते. उरतो तो लिहिणाऱ्याच्या निवडीचा भाग.

कल्पित आकड्यांनी पाहू. कॅपिबाराच्या उताऱ्याचा अंश 3.0 आणि छेद 3.6 आला, तर गुणोत्तर 0.83. कुणी स्वतः लिहिलेल्या साध्या प्रवासवर्णनाचा अंश 2.4 आणि छेद 2.3, म्हणजे गुणोत्तर 1.04. नुसत्या आश्चर्यावर गेलो असतो तर प्रवासवर्णन यंत्राचे आणि कॅपिबारा माणसाचा ठरला असता. गुणोत्तराने क्रम सरळ होतो. मूळ प्रयोगात Falcon-7B आणि Falcon-7B-Instruct या मॉडेलांची जोडी होती, आणि साधारण 0.90 ही सीमारेषा. तिच्याखालचा मजकूर यंत्राचा मानला जातो. माणसावर खोटा आळ येणे जिथे विशेष घातक, तिथे सीमा आणखी खाली, 0.85च्या आसपास ठेवतात.

जोडी निवडताना दोन्ही मॉडेलांचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे टोकन पाडणारा भाग, एकच लागतो, नाहीतर शक्यतांची टोकनगणिक तुलनाच होत नाही. दोन्ही क्षमतेने जवळची असावीत. दोन सारखी यंत्रे एकमेकांपासून जेवढी वेगळी, त्याहून माणूस त्यांच्यापासून अधिक वेगळा लिहितो, या गृहीतावर सारे उभे आहे.

ते कुठे ढासळते, हेही निबंधात आहे. अमेरिकेची राज्यघटना या पद्धतीला यंत्रलिखित वाटते, कारण ती मॉडेलांच्या प्रशिक्षणात इतक्या वेळा आली आहे की जवळजवळ पाठच आहे. अशा वेळी अंश एकटा पाहावा. तो शून्याच्या अगदी जवळ असेल, तर मजकूर पाठ असल्याची शंका घ्यावी. स्तोत्रे, सुभाषिते, कायद्याची कलमे यांवर म्हणूनच हा निकाल लावू नये. फार छोट्या उताऱ्यातही दोन-चार शब्दांनी सरासरी हलते.

मराठीपुरती अडचण वेगळी आहे. Falcon मुख्यतः इंग्रजी मजकुरावर घडवलेले आहे. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइटचे असते आणि इंग्रजीवर बेतलेला टोकनायझर शब्दाचे बारीक तुकडे करतो. मग मोजले जाते ते बरेचसे तुकड्यांमागून येणाऱ्या तुकड्यांचे आश्चर्य, शब्दनिवडीचे नव्हे. मूळ निबंधातल्या चाचण्यांत कमी साहित्य असलेल्या भाषांतला बराच यंत्रलिखित मजकूर माणसाचा म्हणून निसटला. त्यामुळे मराठी उताऱ्याचे गुणोत्तर 0.90च्या वर आले, तर त्यावरून तो माणसाने लिहिला असे म्हणता येत नाही. मराठी चांगली जाणणारी जोडी घेऊन, खात्रीच्या मराठी नमुन्यांवर सीमारेषा नव्याने ठरवावी लागते.